वाचकाला एफएचटीसीच्या खड्ड्यात कसं ढकलावं

गावाच्या नळयोजनेचा इंग्रजी अहवाल लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग नशीब काढलंत. कमी शब्दांत जास्तीत जास्त माणसं गारद करायची अशी संधी पुन्हा येत नाही. सुरुवात दणक्यात करा. पहिल्याच पानावर, सारांशात, हे वाक्य टाका: 'अ टोटल ऑफ 412 एफएचटीसीज आर प्रपोज्ड अंडर जेजेएम, अँड द व्हीडब्ल्यूएससी विल टेक ओव्हर ओअँडएम.'

वाचक इथेच आडवा. अर्थ इतकाच, की जलजीवन मिशनमध्ये 412 घरांना पाणी येणारे नळ मिळतील आणि पुढची देखभाल गावाची पाणी समिती करेल. पण तसं लिहिलं तर सरपंचालाही कळेल, आणि सरपंचाला कळलेल्या अहवालाचं बिल कोण पास करतं?

काही खडूस लोक सांगतील की, बाबा रे, लघुरूप पहिल्यांदा आलं की आधी पूर्ण नाव लिही, त्याला लागून कंसात लघुरूप दे, आणि पुढे फक्त लघुरूप वापर. म्हणजे आधी 'फंक्शनल हाउसहोल्ड टॅप कनेक्शन', मग कंसात एफएचटीसी. ऐकायला सोपं आहे म्हणूनच ऐकू नका. तसंही ते मोडायला तुम्हाला कष्ट पडत नाहीत, काम आपोआप होतं. तुम्ही तिसरं प्रकरण आधी लिहिता आणि तिथे पाहुण्यांची रीतसर ओळख करून देता. सारांश लिहिता शेवटच्या रात्री साडेअकराला, आणि चिकटवता पहिल्या पानावर. झालं! ओळख सतराव्या पानावर, पाहुणे मात्र पहिल्या पानापासून घरात वावरतायत. कोणी फारच चिकित्सक असेल तर तो अहवालाच्या अगदी वर जाऊन Ctrl+F दाबतो, एफएचटीसी टाकतो आणि पहिलं सापडलेलं ठिकाण कंसातलं आहे का ते बघतो. एका लघुरूपाला अर्धा मिनिट लागतो. अशा माणसाशी मैत्री ठेवू नका. तो तुम्हाला हेही ऐकवेल की सारांश लोक सुटा वाचतात, म्हणून तिथे एकदा आणि मुख्य मजकुरात पुन्हा एकदा ओळख द्यावी.

उलट टोकही गाठता येतं. ज्या गोष्टीचा उल्लेख अख्ख्या अहवालात एकदाच होणार आहे, तिचंही लघुरूप कंसात द्या. वाचक ते बिचारं लक्षात ठेवतो, पानामागून पान वाट बघतो, आणि ते परत येतच नाही. शिवाय पूर्ण नावातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करा. लघुरूप मोठ्या अक्षरांत असतं म्हणून साध्या नळाच्या जोडणीलाही मंत्रालयाचा थाट द्यायलाच हवा, असा कुठला नियम नाही. पण सगळे देतात.

एकाच लघुरूपाला दोन अर्थ मिळाले तर सोन्याहून पिवळं. योजनेचा रस्ता डीपी रोडवरून जातो, तो विकास आराखड्यातला. पंपाची वीज डीपीवरून येते, ती खांबावरची. मग बिनधास्त लिहा की डीपीमध्ये बदल झाल्यामुळे काम तीन महिने रखडलं. आराखडा बदलला की ट्रान्सफॉर्मर जळाला, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि घरातल्या पोराने वाचलं तर त्याला वाटेल कोणीतरी व्हॉट्सॲपवरचा फोटो बदलला.

आता येऊ खऱ्या मजेकडे, म्हणजे 'अ' आणि 'ॲन'कडे. शाळेत आपण घोकलं की स्वरापुढे 'ॲन', व्यंजनापुढे 'अ'. तेवढंच घट्ट धरून बसा आणि अक्षराकडे डोळ्यांनी बघा. एफ व्यंजन, म्हणून 'अ एफएचटीसी'. यू स्वर, म्हणून 'ॲन यूपीव्हीसी पाइप'. दोन्ही चूक, पण दिसायला किती नियमबद्ध! इंग्रजीला अक्षर कसं दिसतं याच्याशी घेणंदेणं नाही, कानावर पहिला आवाज कुठला पडतो तेवढंच तिला हवं. आणि ही गोष्ट इंग्रजांपेक्षा आपल्याला सोपी जाते, हीच मोठी गैरसोय आहे. लघुरूप देवनागरीत लिहिलं की उत्तर समोर येतं: एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही सगळी अक्षरं ए किंवा आ या स्वरांनी सुरू होतात, म्हणून 'ॲन'. 'यू' सुरू होतं य ने, म्हणून 'अ'. तेव्हा 'ॲन एफएचटीसी', 'ॲन एचडीपीई पाइप', पण 'अ यूपीव्हीसी पाइप'. इतकं सोपं असेल तर चुकायचं कसं? म्हणून कागदावर देवनागरी काढूच नका.

त्यातूनही कोणी शिकलाच तर त्याच्यासाठी दुसरा सापळा आहे. काही लघुरूपं आपण अक्षर अक्षर सुटं म्हणतो, काही अख्ख्या शब्दासारखी. म्हणून 'ॲन एनजीओ', पण 'अ नाबार्ड लोन'. 'ॲन एसओपी', पण टाकीजवळच्या पॅनलला 'अ स्काडा पॅनल'. लिहिताना सुरुवात त्याच एन आणि एस ने, म्हणताना मात्र न आणि स. आकड्यांनाही सोडू नका: 11 केव्हीच्या लाइनला 'ॲन' लागतो, कारण तोंडात 'इलेव्हन' येतं.

सगळ्यात रामबाण उपाय मात्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. आमच्या कचेरीत एकदा वरून फर्मान आलं की एफएचटीसी कोणाला कळत नाही, सगळीकडे पूर्ण नाव टाका. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने 'रिप्लेस ऑल' दाबलं आणि चहाला गेला. परत आला तेव्हा अहवालभर 'ॲन फंक्शनल हाउसहोल्ड टॅप कनेक्शन' उगवलेलं. लघुरूपाचा 'ॲन' जागच्या जागी बसून होता, मागचा पाहुणा मात्र बदलला होता. 'फंक्शनल' फ ने सुरू होतं, त्याला 'अ' हवा. आणि जिथे पहिली ओळख होती तिथे कंसाच्या बाहेरही पूर्ण नाव, कंसाच्या आतही पूर्ण नाव. स्पेलिंग तपासणाऱ्याने हूं की चूं केलं नाही, कारण एकेका शब्दाचं स्पेलिंग बरोबरच होतं. 'ॲन एफ' असं शोधून एकेक ठिकाण हाताने बदलायला रात्रीचे दोन वाजले. गंमत म्हणजे उंच टाकीला काही झालं नाही. 'ॲन ईएसआर' काय आणि 'ॲन एलिव्हेटेड स्टोरेज रिझर्व्हॉयर' काय, दोन्हींची सुरुवात स्वरानेच. म्हणजे तपासायला घेतलेलं पहिलं उदाहरण टाकीचं असलं की सगळं ठीक आहे असं वाटून झोपायला मोकळे.

एवढं करूनही अहवाल चुकून बिनचूक झाला, तर घाबरू नका, साहेब आहेत. तुम्ही लिहिलेल्या 'ॲन एमजेपी इंजिनिअर'वर ते लाल पेन फिरवतील आणि विचारतील, 'एम स्वर कधीपासून झाला हो?' इथे वाद घालायचा नाही. साहेबांचं गाव आतल्या बाजूला आहे, तिकडे एसटीला 'यष्टी' म्हणतात, आणि घाईत साहेबही 'यम्जेपी'च म्हणतात. त्यांच्या तोंडातून य निघतो, म्हणजे त्यांच्यापुरता 'अ' बरोबरच की! तुम्ही फक्त मान डोलवा, 'अ' करा, आणि पुढच्या पानावरच्या 'ॲन एचडीपीई'कडे त्यांचं लक्ष जायच्या आत चहा मागवा.