एक पैठणी, दोन मालकिणी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वेबसाइटवरची एकुलती एक मोरपंखी पैठणी दोघींनी विकत घेतली. एक नाशिकच्या, एक ठाण्याच्या. दोघींचे पैसे जमा, दोघींना 'अभिनंदन!' असा मेल. पैठणी हातमागाची, दुसरी मागवायची सोय नाही. शेठ मला थंडपणे म्हणाले, "काठ एकीला, पदर एकीला पाठवू का?"

मी उत्खनन केलं. माझ्याआधीच्या महाशयांचा कोड सज्जन होता. आधी विचारायचा, 'शिल्लक किती?' उत्तर 1. मग पैसे घ्यायचा आणि शेवटी 1 वजा 1 करून 0 लिहायचा. ठाण्याच्या ताईंनी नेमका नाशिकच्या ताई पैसे भरत असताना तोच प्रश्न विचारला, आणि त्यांनाही 1च मिळालं. शेवटी दोघींच्या वतीने 0 लिहिलं गेलं. म्हणजे स्टॉक उणेसुद्धा झाला नाही! हिशेब आलबेल, बोंब फक्त फोनवर. ऑर्डरी मोजून स्टॉकशी ताडल्या, तेव्हा चोरी सापडली.

विचारणं आणि वजा करणं एकाच दमात करायला हवं होतं:

```sql
UPDATE saree SET stock = stock - 1
WHERE id = 42 AND stock > 0;
```

दोघी एकदम आल्या तरी डेटाबेस त्या साडीची ओळ एकीच्या हाती देतो, दुसरीला थांबवतो. तिची पाळी येते तेव्हा शिल्लक 0 असते आणि 'बदललेल्या ओळी: 0' असं उत्तर येतं. ते बघायचं आणि पैसे मागण्याआधीच 'संपली' म्हणायचं.

पण ही वजाबाकी करायची कधी? शेठ म्हणाले, "पिशवीत टाकली की तिची." केलं तसं. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशा बायकांनी पैठण्या अडवल्या आणि जेवायला गेल्या. दुपारपर्यंत दुकान रिकामं, गल्ला त्याहून रिकामा.

मग ठरलं, 'पैसे भरा' दाबल्यावरच साडी अडवायची, तीही 10 मिनिटं. कोणासाठी आणि किती वाजेपर्यंत, याची नोंद ठेवायची. वेळ टळली की एक छोटा प्रोग्राम शिल्लक परत 1 करतो. मात्र त्याआधी नोंद अजून 'अडवलेली'च आहे ना, हे तो बघतो. नाहीतर विकलेली साडी पुन्हा फडताळात उगवायची.

एवढं करूनही यूपीआय राहिलंच. एका ताईंचं पेमेंट 'प्रलंबित' होऊन बसलं, 10 मिनिटं उलटली, साडी सुटली, दुसरीने उचलली, आणि मग बँकेचा निरोप आला की पैसे पोचले! अशा उशिराच्या पैशांसाठी आता वरचीच ओळ पुन्हा चालवतो. साडी मिळाली तर ठीक, नाहीतर रक्कम आपोआप परत.

त्या ताईंना मी फोनवर हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पैसे येतील हो," त्या म्हणाल्या, "ती दुसरी कुठल्या सोसायटीत राहते, तेवढं सांगा."