कॅप्सूल अ‍ॅनिमेशनला बांधून डोकं छतात शिरायचं थांबत नाही

«क्राउच आणि स्लाइडमध्ये कॅप्सूलची उंची अ‍ॅनिमेशनच्या कर्व्हवरून दर फ्रेमला बदला. एका झटक्यात बदलणं हा नवशिक्यांचा प्रकार. कर्व्ह लावला की डोकं छतात कधीच शिरणार नाही. मल्टिप्लेअरमध्येही हेच चालतं.»

हा सल्ला फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. कॅप्सूल म्हणजे कॅरॅक्टरभोवतीचा अदृश्य आकार, धडक बसते की नाही हे त्याच्यावरच ठरतं; कर्व्ह म्हणजे अ‍ॅनिमेशनबरोबर वेळेनुसार बदलत जाणारी किंमत; आणि क्राउच म्हणजे वाकून बसणं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो अनरिअल या गेम इंजिनमध्ये गेम करतोय. त्याचा स्लाइड चांगला चालत होता. सल्ला लावल्यापासून खेळाडू पाइपखालून जायच्या ऐवजी पाइपला आपटून जागच्या जागी थांबतो, आणि पोरगा समजतोय की आपलं अ‍ॅनिमेशनच बेकार आहे. अ‍ॅनिमेशनचा काही दोष नाही, दोष सल्ल्याचा आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा भाग आधी घेऊ, तो म्हणजे खाली जाताना कॅप्सूल हळूहळू लहान करणं. अनरिअलच्या कॅरॅक्टरची कॅप्सूल मुळात 176 सेंटिमीटर उंच आणि 34 त्रिज्येची असते, क्राउचमध्ये ती 80 ची होते. समजा तुळई जमिनीपासून 110 वर आहे, खेळाडू सेकंदाला 900 सेंटिमीटरने धावतोय आणि खाली जाण्याचं अ‍ॅनिमेशन पाव सेकंदाचं आहे. कॅप्सूलची पुढची कड तुळईपासून मीटरभर असताना त्याने स्लाइडचं बटण दाबलं. तुळईशी पोचायला त्याला साधारण 0.11 सेकंद लागतात. कर्व्हवर समान गतीने उतरणारी कॅप्सूल तेवढ्या वेळात 133 पर्यंतच उतरलेली असते. तुळई 110 ला. धडक बसते, वेग जातो, आणि वेग गेला की स्लाइडही संपतो. खेळाडूने बटण वेळेवर दाबलं होतं, तरी तो हरतो. या वेगाला सुटायचं असेल तर बटण दीड मीटरहून जास्त आधी दाबावं लागेल, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कॅप्सूल पहिल्याच फ्रेमला 80 ची केली की तो सरळ निघून जातो. मग दिसणाऱ्या शरीराचं काय? सल्ल्यात अर्धं खरं आहे ते एवढ्याच जागी, आणि ते मान्य करावं लागतं: कॅप्सूल आधी लहान झाली तर शरीर काही क्षण तिच्या बाहेर उंच राहतं. पण किती, ते बघा. डोकं कॅप्सूलच्या मध्यावर असतं, म्हणजे पुढच्या कडेच्या 34 सेंटिमीटर मागे. ते तुळईखाली येईपर्यंत शरीर साधारण 119 पर्यंत उतरलेलं असतं. म्हणजे नऊएक सेंटिमीटर डोकं तुळईत, तेही साठ फ्रेमच्या गेममध्ये एक-दोन फ्रेम. उतरायचा वेळ पाव सेकंदावरून 0.2 वर आणला की या उदाहरणात तेही उरत नाही. तुळईच्या अगदी जवळून बटण दाबलं तर थोडं दिसेल, हे खरं. त्यावर उपाय पोझ सुरुवातीलाच झपकन खाली नेणं हा आहे. दोन फ्रेम लपवण्यासाठी खेळाडूला भिंतीसारखं अडवणं हा उपाय नव्हे.

आता उठताना. इथे «कधीच शिरणार नाही» हा दावा पार कोसळतो. त्याच तुळईखाली बटण सोडलं आणि कॅप्सूल कर्व्हबरोबर 80 वरून वाढायला लागली. तपासणी नसेल तर ती 110 ओलांडून तुळईत घुसते. मग इंजिन तिला बाहेर ढकलायला लागतं: कधी बाजूला, कधी खाली जमिनीत. खेळाडू थरथरतो किंवा फेकला जातो. दर फ्रेमला त्या-त्या उंचीची तपासणी घातली तर कॅप्सूल 109 ला अडकते आणि माणूस ना बसलेला ना उभा, अशा पोझमध्ये गोठतो.

अनरिअल स्वतः काय करतं ते CharacterMovementComponent.cpp मध्ये उघडं आहे, UnCrouch वाचा. वाढवायच्या आधी पूर्ण उभ्या उंचीची कॅप्सूल त्या जागी बसते का, हे ते तपासतं. बसत नसेल तर काहीही न बदलता परत येतं आणि पुढच्या टिकला, म्हणजे पुढच्या फ्रेमला, पुन्हा प्रयत्न करतं. बसत असेल तर कॅप्सूल एकदम पूर्ण उंचीची होते. मधली उंची नाहीच. त्यामुळे उठताना जागा आधी राखली जाते आणि शरीर त्या राखलेल्या जागेत सावकाश उभं राहतं, अ‍ॅनिमेशन हवं तेवढं लांब असो. कॅप्सूल इथे नेहमी शरीराच्या पुढे असते, म्हणून छतात शिरायला काही उरतच नाही. याला नवशिक्यांचा प्रकार म्हणणाऱ्याने ही फाइल उघडलेली नाही. 1998 च्या हाफ-लाइफमध्येही खेळाडूचे उभा आणि बसलेला असे दोनच कोलिजन आकार होते, हळूहळू सरकायची ती फक्त नजरेची उंची.

मग लोकांना डोकं छतात शिरलेलं दिसतं ते कशामुळे? मी पाहिलेल्या प्रोजेक्टांत बहुतेक वेळा एकच कारण निघालं: अ‍ॅनिमेशन बटणाचं ऐकत असतं. बोगद्यात बटण सोडलं, इंजिनने उभं राहायला नकार दिला, कॅप्सूल 80 चीच राहिली, पण पोझ ठरवणाऱ्या अ‍ॅनिमेशन ब्लूप्रिंटने उभी पोझ लावून टाकली. भाच्याच्या मूळ कोडमध्ये नेमकं हेच होतं. स्लाइडचा टायमर संपला की थेट उभी पोझ, वर पाइप आहे की नाही हे कुणी विचारतच नव्हतं.

```cpp
Character->UnCrouch();                  // ही फक्त विनंती
AnimCrouched = Character->bIsCrouched;  // ही खरी स्थिती
```

दुसरी ओळ दर फ्रेमला वाचायची. स्लाइड संपला आणि ती अजून खरी असेल, तर पोझ क्राउचची, चाल क्राउचची. हे पडताळायला कन्सोलमध्ये show Collision लिहा आणि बोगद्यात बटण सोडा. कॅप्सूल बसकी आणि शरीर उभं दिसलं तर रोग हाच.

कर्व्हचा आणखी एक त्रास ओझरता सांगतो. कॅप्सूल मध्यबिंदूपासून लहान होते, त्यामुळे 88 ची अर्धी उंची 40 झाली की मध्य 48 ने खाली आणि दिसणारं शरीर, म्हणजे मेश, तेवढंच वर सरकवावं लागतं. इंजिनचं क्राउच हे एकदा, नीट करतं. कर्व्हवाल्याला ते दर फ्रेमला करावं लागतं, आणि एखादी फ्रेम चुकली की पाय हवेत राहतात आणि कॅरॅक्टर क्षणभर पडण्याच्या अवस्थेत जातं.

आणि मल्टिप्लेअर. क्लायंट सर्व्हरला उंची पाठवत नाही, फक्त «मला बसायचंय» हा एक बिट पाठवतो, आणि दोघेही त्यावरून हालचाल स्वतंत्रपणे काढतात. सर्व्हरने चूक दुरुस्त केली की क्लायंट साठवलेल्या जुन्या हालचाली एकाच फ्रेममध्ये पुन्हा चालवतो. त्या क्षणी कर्व्हची किंमत मात्र एकच असते, आत्ताची. जुन्या सगळ्या हालचाली चुकीच्या उंचीने चालतात, पुन्हा तफावत येते, पुन्हा दुरुस्ती. पाइपखाली खेळाडू मागे-पुढे झटके खातो तो यामुळे. आणि डेडिकेटेड सर्व्हरला चित्र काढायचं नसल्याने तिथे पोझ सहसा पूर्ण काढलीच जात नाही, मग कर्व्ह वाचणार कुठून?

भाच्याला कर्व्ह काढून टाकायला सांगितलंय. कॅमेऱ्याची उंची मात्र हळू सरकवलेलीच ठेव म्हटलं, ती डोळ्यांना बरी वाटते आणि तिचा कोलिजनशी संबंध नाही.