कन्व्हर्टर लहान का चालतो, आणि तो कुठे कमी पडतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

पवनचक्कीतल्या डबली फेड जनरेटरवर मी एक लेख लिहिला होता. याचा स्टेटर थेट ग्रीडला आणि रोटर कन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या यंत्रणेतून, ग्रीडला जोडलेला असतो. कन्व्हर्टरची क्षमता जनरेटरच्या 30 टक्के असली तरी पुरते, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया: "उद्यमनगरात पंचवीस वर्षं मोटारी रिवाइंड करतोय, म्हणून विचारतो. 2 मेगावॅटच्या जनरेटरला 30 टक्क्यांचा कन्व्हर्टर पुरतो असं तुम्ही बिनधास्त लिहिलंय. वर 1500 आरपीएमच्या खाली रोटरच वीज घेतो म्हणता. मग हा जनरेटर कसला? ही आकड्यांची हातचलाखी वाटते."

साहेब, स्लिप रिंग मोटार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा उघडली असेल, म्हणून तिथूनच सुरू करतो. फाउंड्रीतल्या जुन्या क्रेनची मोटार हळू चालवायची असली की रोटरला रेझिस्टन्स बॉक्स जोडतात आणि तो तापतो. ती उष्णता म्हणजेच स्लिप पॉवर. डबली फेड जनरेटरमध्ये त्या बॉक्सच्या जागी कन्व्हर्टर बसतो. रेझिस्टन्स ही पॉवर फक्त जाळू शकतो, कन्व्हर्टर ती ग्रीडला देऊ शकतो आणि ग्रीडमधून आणून रोटरला पुरवूही शकतो.

आता आकडे बघू. चार पोल, 50 हर्ट्झ, म्हणजे स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र कायम 1500 आरपीएमने फिरणार, कारण स्टेटर थेट ग्रीडवर आहे. टॉर्क मात्र स्टेटर आणि रोटर दोघांवर सारखाच. वारा मंद आहे आणि शाफ्ट 1200 वर आहे असं धरा. स्लिप, म्हणजे क्षेत्राच्या आणि शाफ्टच्या वेगातला फरक, 20 टक्के. टॉर्क 5,100 न्यूटन मीटरच्या आसपास असेल, तर शाफ्टवरून 640 किलोवॅट येतात. पण तोच टॉर्क 1500 ने फिरणाऱ्या क्षेत्रावर असल्यामुळे स्टेटरमधून 800 किलोवॅट बाहेर पडतात. मधले 160 आकाशातून पडत नाहीत, ते कन्व्हर्टर ग्रीडमधून घेऊन रोटरला देतो. किरकोळ नुकसान सोडलं तर ग्रीडला निव्वळ 640 मिळाले, म्हणजे वाऱ्याने दिले तेवढेच. रोटर वीज घेतो हे खरं, पण ती वीज स्टेटरमधूनच परत बाहेर जाते.

वारा वाढला, शाफ्ट 1800 वर गेला आणि टॉर्क साधारण दुप्पट झाला, तर स्टेटर 1,650 किलोवॅट देतो आणि रोटरही 330 देतो. एकूण 1,980. कन्व्हर्टरमधून गेले फक्त 330. दोन्ही वेळी रोटरमधली फ्रिक्वेन्सी 10 हर्ट्झच असते, 1800 वर फक्त फेजचा क्रम उलटतो. स्लिप 30 टक्क्यांच्या आत ठेवली की कन्व्हर्टरही त्याच प्रमाणात लहान राहतो. म्हणूनच हे जनरेटर उभे असताना ग्रीडला जोडत नाहीत. वाऱ्याने त्यांना आधी पुरेसा वेग दिला की मगच स्टेटरचा ब्रेकर लावतात.

इथपर्यंत मी माझ्या लेखाच्या बाजूने आहे. पण तुमच्या शंकेत एक गोष्ट बरोबर आहे, आणि ती मी लेखात लिहायला हवी होती.

रोटरला स्टेटरपेक्षा वेढे जास्त देतात. समजा वेढ्यांचं प्रमाण असं आहे की 690 व्होल्टच्या स्टेटरमुळे उभ्या रोटरवर 1,800 व्होल्ट येतील. 20 टक्के स्लिपला ते 360 होतात आणि कन्व्हर्टर आरामात पेलतो. आता 1800 आरपीएमवर असताना जवळच मोठा फॉल्ट झाला आणि ग्रीडचं व्होल्टेज एकदम शून्याजवळ आलं असं धरा. स्टेटरमधलं फ्लक्स, म्हणजे ते चुंबकीय क्षेत्र, क्षणात मरत नाही. ते फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू विरतं. एरवी रोटर त्या फ्लक्सच्या फक्त 300 आरपीएम पुढे धावत असतो. आता थिजलेल्या फ्लक्समधून तो पूर्ण 1800 ने कापत जातो. म्हणजे सहापट, सुरुवातीला जवळजवळ 2,150 व्होल्ट. समोर कन्व्हर्टरमधले 1,700 व्होल्टपर्यंतच टिकणारे आयजीबीटी स्विच आहेत. करंट उसळतो, कन्व्हर्टरमधल्या डीसी लिंकचं व्होल्टेज फुगतं.

तेव्हा क्रोबार, म्हणजे कन्व्हर्टरला वाचवणारं सर्किट, चालू होतं. रोटरच्या तिन्ही फेजा रेझिस्टन्सवर शॉर्ट होतात आणि रोटरकडचा कन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. यंत्र काही क्षण तुमच्या क्रेनच्या मोटारीसारखं साधं इंडक्शन यंत्र बनतं. ग्रीडला रिअॅक्टिव पॉवरची गरज असते नेमकं तेव्हाच ते ती ओढतं. लहान कन्व्हर्टरची किंमत ही अशी चुकवावी लागते.

मी पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीत होतो, तेव्हा पावसाळ्यात क्रोबारची नोंद दिसली की इव्हेंट लॉगमध्ये आधी वेळ बघायचो. ग्रीडच्या व्होल्टेजचा डिप आधी आणि क्रोबार काही मिलिसेकंदांनी नंतर असेल, शेजारच्या चक्क्यांवरही तेच असेल, तर यंत्र निर्दोष. एकाच चक्कीवर, डिप नसताना क्रोबार लागला तर मी स्लिप रिंगचं झाकण उघडायचो. एकदा ब्रशची कार्बनची भुकटी दमट हवेत इन्सुलेशनवर इतकी बसली होती की इन्सुलेशन मोजणारा मेगर लावल्यावर रोटर जवळजवळ जमिनीला शॉर्ट झाल्यासारखाच दाखवत होता. भुकटी पुसून, रिंग वाळवून पुन्हा मोजलं तेव्हा वाचन सुधारलं.

मूळ लेखातलं "30 टक्के पुरतात" हे वाक्य मी आज बदललंय. आता तिथे "ग्रीड शाबूत असेपर्यंत पुरतात" असं आहे आणि खाली क्रोबारचा परिच्छेद जोडलाय.