करंट सोर्स, नोडल आणि मेश: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «सर, तुमच्या लेखात लिहिलंय की करंट सोर्स दिसला की डोळे झाकून नोडल घ्यावं. परवा वर्गातल्या चाचणीत मी तेच केलं. डावीकडे २० व्होल्टचा सोर्स आणि ४ ओहम, मध्ये ६ ओहम, उजवीकडे २ ओहम आणि वर प्रवाह ढकलणारा ३ अँपिअरचा सोर्स. माझी दोन अज्ञातं झाली, शेजारच्या मुलाने मेशने एका समीकरणात संपवलं. मग तुमचा नियम कशाच्या आधारावर आहे? – पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, पुणे»

आपला आक्षेप योग्य आहे. ‘डोळे झाकून’ हे शब्द माझेच आहेत आणि ते चुकीचे आहेत. कोथरूडच्या माझ्या शिकवणीत हे वाक्य मी इतकी वर्षे उच्चारत आलो आहे की लिहिताना त्याची पुन्हा तपासणी करण्याचे मला सुचले नाही.

केवळ समीकरणांची संख्या मोजली, तर वस्तुस्थिती माझ्या वाक्याच्या उलट आहे. व्होल्टेज सोर्स एका नोडचा दाब आधीच सांगून टाकतो, म्हणून तो नोडलमधले एक अज्ञात कमी करतो. त्याच न्यायाने करंट सोर्स एका शाखेचा प्रवाह आधीच सांगतो, म्हणून तो मेशमधले एक अज्ञात कमी करतो. करंट सोर्स असताना नोडल सोयीचे वाटते याचे कारण वेगळे आहे: प्रवाहाच्या बेरजेत ते ३ अँपिअर जसेच्या तसे उतरवता येतात, आणि मेशमध्ये मात्र सोर्सवरचा अज्ञात दाब आडवा येतो. हा दाब कधी आडवा येतो आणि कधी येत नाही, हे आपल्याच गणितावरून पाहू.

दोन्ही मेशचे प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धरले, तर उजव्या टोकाच्या शाखेतून फक्त दुसऱ्या मेशचा प्रवाह वाहतो आणि तो त्या शाखेत खाली जातो. सोर्स प्रवाह वर ढकलतो, म्हणून दुसरा प्रवाह उणे ३ अँपिअर हे गणित न करताच कळले. उरले ते एवढेच:

20 = 4·i₁ + 6·(i₁ − i₂) = 10·i₁ + 18

यावरून पहिला प्रवाह ०.२ अँपिअर येतो आणि मधल्या ६ ओहममधून ३.२ अँपिअर खाली जातात. आपल्या शेजाऱ्याने बहुधा हेच केले असावे.

आता तेच सर्किट कागदावर थोडे वेगळे काढून पाहा. ६ ओहमची शाखा आणि सोर्सची शाखा या दोन्ही वरच्या त्याच नोडपासून खालच्या तारेपर्यंत जातात, म्हणून त्यांची अदलाबदल केली तरी सर्किट तेच राहते. सोर्सची शाखा मध्ये आली की ती दोन्ही मेशच्या वाट्याला येते, कोणत्याच मेशचा प्रवाह आयता मिळत नाही आणि सुपरमेश करावा लागतो: बाहेरच्या वाटेने दाबाचे समीकरण, आणि सोबत सोर्सचे बंधन.

20 = 4·i₁ + 6·i₂
i₂ − i₁ = 3

उत्तर अर्थातच तेच येते, ०.२ आणि ३.२. मात्र चुका घडतात त्या याच मांडणीत. बरेच विद्यार्थी सुपरमेश विसरून डाव्या मेशचे समीकरण लिहितात, त्यात २ ओहमचा दाब धरतात आणि करंट सोर्सवरचा दाब शून्य मानतात. तसे केले तर पहिला प्रवाह ६.५ आणि दुसरा ९.५ अँपिअर येतो. चूक ओळखण्यासाठी वरच्या नोडचा दाब दोन बाजूंनी काढावा: डावीकडून 20 − 4 × 6.5, म्हणजे उणे ६ व्होल्ट, आणि उजवीकडून 6 × 9.5, म्हणजे ५७ व्होल्ट. एकाच नोडला दोन दाब असू शकत नाहीत, तेव्हा समीकरण लिहितानाच घोटाळा झालेला आहे.

म्हणून मेश निवडण्यापूर्वी मी आता एवढेच पाहायला सांगेन की करंट सोर्स आकृतीच्या कडेला आहे का, आणि नसल्यास एखादी समांतर शाखा हलवून तो कडेला नेता येतो का. नोडलला आकृती कशी काढली आहे याच्याशी काहीच देणेघेणे नसते. तारा एकमेकींना न ओलांडता ज्या सर्किटची आकृती काढताच येत नाही, तिथे मेश वापरता येत नाही, नोडल मात्र चालते. सर्किट सोडवणारा स्पाइस हा प्रोग्रॅमदेखील नोडल पद्धतीच्याच विस्तारित रूपावर चालतो, कारण त्याच्यासमोर आकृती नसतेच, फक्त कोणता घटक कोणत्या नोडांमध्ये आहे याची यादी असते.

आता आपल्या दोन अज्ञातांकडे वळू. त्यांतले एक आपण विनाकारण ओढवून घेतले, आणि लेखात ही गोष्ट न सांगणे हा माझा दोष आहे. आपण २ ओहम आणि सोर्स यांच्या मधला बिंदू स्वतंत्र नोड धरला असणार. पण आदर्श करंट सोर्सशी सिरीजमध्ये असलेला रेझिस्टर त्या शाखेचा प्रवाह बदलू शकत नाही. तिथे २ ओहम असोत वा २०० ओहम, वरच्या नोडला ३ अँपिअरच मिळणार. म्हणून तो बिंदू बाजूला ठेवून थेट लिहावे:

(Vₐ − 20)/4 + Vₐ/6 = 3

दाब १९.२ व्होल्ट येतो, आणि ६ ओहममधून जाणाऱ्या ३.२ अँपिअरशी तो जुळतो. थोडक्यात, या सर्किटपुरती दोन्ही पद्धतींची बरोबरी आहे. आपण हरलात ते पद्धतीमुळे नव्हे.

बरोबरी मोडायला फार काही करावे लागत नाही. त्याच नोडपासून खालच्या तारेपर्यंत १२ ओहमची आणखी एक शाखा जोडा. नोडलमध्ये फक्त एक पद वाढते, सहगुणकांची बेरीज बरोबर १/२ होते आणि दाब १६ व्होल्ट येतो. हे तोंडी होण्यासारखे आहे. मेशमध्ये मात्र सोर्स कडेला ठेवूनही दोन अज्ञाते उरतात आणि मग ती दोन समीकरणे सोडवावी लागतात. एकाच नोडवर समांतर शाखांची गर्दी असेल तिथे माझा कल अजूनही नोडलकडेच आहे, पण त्याचे कारण ती गर्दी आहे, करंट सोर्स नव्हे.

आपल्या चाचणीत नेमके काय विचारले होते हे आपण लिहिलेले नाही. करंट सोर्सवरचा दाब किंवा त्याची शक्ती विचारली असेल, तर मेशने सोडवणाऱ्यालाही ६ ओहमवरचे १९.२ व्होल्ट आणि २ ओहमवरचे ६ व्होल्ट मिळवून २५.२ व्होल्टपर्यंत जावेच लागते; बाजूला ठेवलेला २ ओहम इथे परत हिशोबात येतो. त्यानंतर ताळा करून पाहावा: सोर्स ७५.६ वॅट देतो, २० व्होल्टचा सोर्स ४ वॅट देतो, आणि तिन्ही रेझिस्टर मिळून ०.१६, ६१.४४ आणि १८, म्हणजे ७९.६ वॅटच खर्च करतात.