स्वादुपिंडातली सिस्ट: खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर: “सीटीत स्वादुपिंडात सिस्ट निघाली म्हणजे कॅन्सरची सुरुवात. लगेच ऑपरेशन करा.”

हे चूक आहे. समजा, अमळनेरच्या 66 वर्षांच्या बाईंचा मुतखड्यासाठी सीटी झाला आणि त्यात 14 मिलिमीटरची सिस्ट, म्हणजे द्रव भरलेली पिशवी, सापडली. त्रास काहीच नाही. आधी एमआरआय-एमआरसीपी, म्हणजे स्वादुपिंड आणि त्याच्या नळ्या दाखवणारा स्कॅन, करतात, कारण सिस्ट स्वादुपिंडाच्या नळीला जोडलेली आहे का, हे त्यात नीट दिसतं. उपनळीला जोडलेली निघाली तर ती बहुधा आयपीएमएन, म्हणजे नळीच्या अस्तरातून वाढणारी, चिकट द्रवाची सिस्ट. हिच्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो, पण बहुतेकींत होत नाही. मुख्य नळी 5 मिलिमीटरपेक्षा बारीक, आत गाठ नाही, तर आयपीएमएनसाठीच्या 2024 च्या आंतरराष्ट्रीय क्योटो मार्गदर्शनानुसार सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बदल नसेल तर पुढे दर 18 महिन्यांनी.

सिस्ट 30 मिलिमीटरची झाली, वर्षात अडीच मिलिमीटर वाढली, नळी फुगली किंवा मधुमेह नव्याने उद्भवला, तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी, लागते. कावीळ, आत 5 मिलिमीटरची रक्तपुरवठा असलेली गाठ किंवा 10 मिलिमीटरची मुख्य नळी असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार लगेच होतो.

सिस्टचे इतर प्रकारही असतात. पातळ द्रवाचा सिरस प्रकार जवळजवळ निरुपद्रवी. चिकट द्रवाची पण सहसा नळीला न जोडलेली म्युसिनस सिस्ट, बहुतेक बायकांत आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडे होणारी, अनेकदा काढतातच.

घोळ होतो तो मापात. आधी सीटी, मग दुसऱ्या सेंटरचा एमआरआय, की दोन-तीन मिलिमीटरची ‘वाढ’ कागदावर उगवते. म्हणून नुसता रिपोर्ट नको, जुनी सीडीही न्या.