काकांना ‘आठवा’ म्हणण्यापूर्वी

“स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर देऊ नका. ‘आत्ताच सांगितले, आठवा’ म्हणा, मेंदूला व्यायाम होतो. भेटताच ‘मला ओळखलेत का?’ विचारा. दर वेळी उत्तर दिले की सवय लागते. निम्म्या वेळा तर ते लक्ष वेधण्यासाठीच विचारतात.”

हा संदेश सोलापुरात माझ्या वहिनींपर्यंत पोहोचला आणि काकांना सांभाळून थकलेल्या त्यांनी तो इमानेइतबारे अमलात आणला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. काकांची हयात कापड गिरणीत गेली. दुपार कलली की ‘भोंगा झाला का?’ हा त्यांचा प्रश्न सुरू होतो.

अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो आणि नुकतेच ऐकलेले साठतच नाही. जे उत्तर साठलेलेच नाही, ते ‘आठवा’ म्हणून कुठून येणार? काकांसाठी प्रत्येक वेळचा प्रश्न पहिलाच असतो. आपला वैतागलेला सूर मात्र त्यांना पुरेपूर पोहोचतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांतले फारसे काही रुग्णांना सांगता येईना, तरी त्या पाहून आलेली भावना टिकून राहिली होती. म्हणजे दटावणी विसरली जाते, धास्ती उरते, आणि धास्तावलेला माणूस तोच प्रश्न अधिकच विचारतो. हा कसला व्यायाम?

एक गोष्ट मान्य करावी लागेल, ती अशी की आजाराच्या सुरुवातीला ठरावीक अंतर वाढवत एखादी माहिती घोकून घेण्याची पद्धत काहींना उपयोगी पडते. पण तीत चुकताच बरोबर उत्तर लगेच सांगतात. ताटकळत ठेवत नाहीत.

‘ओळखलेत का?’ ही तर भेटीच्या दारातच घेतलेली परीक्षा झाली. समोरून यावे, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसावे आणि आपणच सांगावे, “काका, मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी, तुम्हाला भेटायला आले.” मग प्रश्न आला की एकच छोटे वाक्य, दर वेळी त्याच शब्दांत आणि त्याच सुरात: “आज कामावर जायचे नाही, काका.” गिरणीतली कामाची पाळी चुकेल ही त्यांची भीती आहे, म्हणून उत्तर त्या भीतीला द्यायचे. पाठोपाठ हातात शेंगा सोलायला द्याव्यात किंवा गिरणीतल्या सोबत्यांचा विषय काढावा. आपलाच संयम सुटू लागला तर दुसऱ्याला बसवून काही मिनिटे बाहेर जावे. त्यात कमीपणा नाही.

राहिली सवय आणि नाटक. नवे लक्षात न राहणाऱ्याने डाव आखून तो लक्षात ठेवावा, हा तर्क संदेश लिहिणाऱ्यालाच लखलाभ. प्रश्नामागे तहान, लघवीची घाई किंवा दुखणे आहे का, हे आधी पाहावे. एक-दोन दिवसांत प्रश्न आणि गोंधळ अचानक वाढला, सोबत गुंगी किंवा ताप असला, तर लघवीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नव्या गोळ्यांचा परिणाम असू शकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.