बंधारा भरलाय, मग विहीर का आटली?

गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन लिंबला गेलो होतो, बारा मोटेची विहीर दाखवायला. सगळ्यांनी जिन्यात उभं राहून फोटो काढले. एकाने विचारलं, "एवढं पाणी साठवून ठेवायचे?" मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर मात्र लाज वाटली, कारण ते उत्तर चुकीचं होतं. तीच चूक आमच्या खटाव तालुक्यातल्या निम्म्या गावांना दर उन्हाळ्यात महागात पडते. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

ही विहीर १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहू महाराजांच्या वेळी वीरुबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी आहे, रुंदी साधारण ५० फूट आणि खोली ११० फूट सांगतात. तिच्यावर जी आमराई भिजायची ती ३३०० झाडांची होती, असंही सांगतात. आता मोट चालवलेल्या माणसाच्या अंदाजाने हिशोब मांडू. तो माणूस म्हणजे आमचे नाना, माझे थोरले चुलते. पोरवयात त्यांनी नाडा-सौंदर हातात धरलेलं आहे.

नानांच्या मते चांगल्या चामडी मोटेत दीडशे लिटर पाणी यायचं आणि बैल तासाला तीसेक खेपा करायचे. बारा मोटा एकदम जुंपल्या की तासाला ५४ हजार लिटर उपसा. विहिरीचा पृष्ठभाग १८० चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे तासाला पाणी फूटभर खाली जाणार. झाडाला आठवड्यातून शंभर लिटर धरलं तर आमराईला ३ लाख ३० हजार लिटर लागतात. सहा तासांचं काम. सकाळी जुंपायचं, दुपारी सोडायचं.

आता खरी गंमत बघा. विहिरीत ३० फूट पाणी धरलं तरी ते साधारण सोळा लाख लिटर होतं, म्हणजे आमराईच्या पाच पाळ्या. दिवाळीपासून मिरगापर्यंत तीस आठवडे असतात. मग उरलेल्या पंचवीस आठवड्यांचं पाणी आलं कुठून?

मी हा हिशोब वाचून दाखवल्यावर नाना हसले. "आरं, इहीर म्हंजी काय रांजण हाय व्हय? इहीर नुसतं त्वांड हाय. प्वाट भुईत."

याहून नेमकं मला सांगता येणार नाही. पाणी साठतं आजूबाजूच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. विहीर म्हणजे तिथवर पोचायची वाट. बैल दमले की मोट सुटायची आणि रात्रभर झरे विहीर पुन्हा भरायचे. मोटर दमत नाही, हा वेगळा विषय आहे, त्यावर इथे नको.

तर तोंडाला पाणी हवं असेल तर आधी पोट भरायला हवं. नाल्यावरचा बंधारा आणि पाझर तलाव त्यासाठीच असतात. नावातच पाझर आहे. पण आपण करतो काय? फेब्रुवारीत बंधारा काठोकाठ दिसला की फोटो काढतो आणि खाली "जलक्रांती" लिहितो. मीही लिहिलेलं आहे, शोधून काढू नका.

आमच्या नाल्यावरचा बंधारा साठ मीटर लांब आणि बारा मीटर रुंद पाणी धरतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो भरलेला होता आणि खाली दोनशे मीटरवर नानांची विहीर तळ दाखवत होती. कुणी म्हणालं खडक बदलला, कुणी म्हणालं बोअरवाल्यांनी ओढलं. मी एक काठी घेतली, बोटबोट अंतरावर खुणा केल्या आणि बंधाऱ्यात रोवली. दहा दिवसांत पाणी सहा सेंटिमीटर उतरलं. दिवसाला सहा मिलिमीटर. आपल्याकडे हिवाळ्यात एवढं पाणी नुसतं ऊनवाऱ्यानेच उडून जातं. म्हणजे जमिनीत जवळपास काहीच जात नव्हतं. बंधारा भरलेला होता तो पाणी मुरत नव्हतं म्हणून!

ही काठी कुणालाही रोवता येईल. पथ्यं दोनच. त्या दिवसांत कुणी इंजिन लावून बंधाऱ्यातून पाणी उचललेलं नको, आणि वरून ओहळ येत नको. भिंतीखालून पाणी झिरपून पुढे वाहतंय का तेही बघा, नाहीतर गळतीलाच मुरणं समजाल. दहा दिवस थांबायचं नसेल तर सांजेला एक खूण करा आणि पहाटे पुन्हा बघा. रात्री वाफ फार कमी होते. पाणी बोटभर खाली गेलं असेल तर ते मुरतंय, हललंच नसेल तर तळ बंद झालाय.

तळ बंद करतो तो गाळ. वरच्या रानातली बारीक काळी माती पुराबरोबर येते, साचलेल्या पाण्यात सावकाश बसते आणि मुरमाच्या भेगा लिंपते, जशी बाई शेणाने जमीन सारवते तशी. आमच्याकडे तो थर वीतभर निघाला. उन्हाळ्यात पन्नासेक ट्रॉल्या गाळ काढून लोकांनी रानात नेला. मुरूम लागला तिथे थांबलो. त्याखाली काळा कातळ होता. जेसीबीवाल्याला अजून खोल जायचं होतं, पण अखंड कातळात खड्डा पाडून पाणी मुरत नाही, नुसता हौद होतो आणि बिल वाढतं.

येरळेच्या वाळूची गोष्ट याच जातीची. ही नदी आमच्या खटावातून निघून सांगली जिल्ह्यात जाते. वाळूच्या घनफळाच्या पाचव्या हिश्शाइतकं तरी उपसता येणारं पाणी तिच्यात राहतं, आणि हातभर खाली त्याला ऊन लागत नाही. ठेकेदारांनी वाळू नेली तशा काठच्या विहिरी आटल्या. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात त्याविरुद्ध लढा दिला, मोजकी वाळू स्वतः विकून तिच्या पैशांतून बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीन घरांनाही पाण्यात सारखा वाटा ठेवला. एवढी समज आमच्या गावात यायला काठी रोवावी लागली.

गाळ काढल्यानंतरच्या डिसेंबरात काठी परत रोवली. दहा दिवसांत चाळीस सेंटिमीटर. वाफेचं वजा केलं तर रोजचं पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी जमिनीत जात होतं. जानेवारी संपता संपता बंधारा कोरडा पडला आणि गावात बोंब झाली की गाळ काढून वाटोळं केलं. नानांनी विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडली. आदल्या शिवरात्रीला एक गाठ भिजली होती, या वेळी चार भिजल्या. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला विहीर असलेल्या शेजाऱ्याला मात्र काही फरक पडला नाही आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे, वर्गणी त्याने सगळ्यांएवढीच दिली होती.

या पावसाळ्यात पुन्हा चार बोटं गाळ बसलाय. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे फक्त खालच्या विहीरवाल्यांनी द्यायचे की सगळ्या गावाने, यावर परवा पारावर दोन तास बसलो होतो. अजून ठरलेलं नाही.